टू लाख आय वॉन्ट अ टॉमी: घड्याळ भलताच मेसेज कसं पाठवतं

समजा, रात्री साडेआठ वाजता किरणच्या फोनवर वहिनीकडून एक मेसेज येतो. इंग्रजी लिपीत लिहिलेलं असतं, ‘टू लाख आय वॉन्ट अ टॉमी गॅप बस इन’. किरणला आधी वाटतं, वहिनीचा फोन हॅक झाला आणि कुणीतरी दोन लाख मागतंय. तो घाबरून फोन करतो, तर वहिनी गिरगावातल्या आपल्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटतेय. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला. तिने काहीच पाठवलेलं नाही.

पाठवलंय तिच्या मनगटावरच्या घड्याळाने. हा प्रसंग मी रचलेला आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी तंत्रात बसते. या जातीच्या गोष्टी खरोखर घडलेल्या आहेत, त्यातली एक पुढे सांगतोच. अशा वेळी लोक दोनच तर्क करतात, एक तर हॅकिंग किंवा ‘हे सगळं चोवीस तास ऐकून कंपनीला पाठवत असतं’. खरी गोष्ट या दोन्हींपेक्षा साधी आहे, आणि मराठी बोलणाऱ्या घरात ती घडायला थोडा जास्त वाव आहे.

घड्याळ असो वा स्पीकर, त्याचा माइक सतत चालू असतो हे खरं. मात्र त्या आवाजाचं काय होतं ते बघायला हवं. आतल्या चिपवर एक अगदी छोटा प्रोग्रॅम चालतो, आणि त्याला एकच काम ठाऊक असतं: हाक ओळखणं. ‘हे सिरी’, ‘अलेक्सा’, ‘ओके गूगल’ यांपैकी जी काही त्या उपकरणाची हाक असेल ती. बाकीची भाषा त्याला येत नाही. गेल्या काही सेकंदांचा आवाज तो तात्पुरता धरून ठेवतो, नवा आला की जुना पुसला जातो. हाक ऐकू आली असं त्याला वाटलं, तरच पुढचा आवाज इंटरनेटवरून सर्व्हरकडे जातो किंवा उपकरणातल्याच मोठ्या प्रोग्रॅमच्या हवाली होतो. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन जसा चेहरा बघून आत सोडतो आणि कोण कशाला आलंय याची चौकशी वर फ्लॅटमध्ये होते, तसंच.

आता हा वॉचमन हाक ओळखतो कशी? ॲपलने 2017 मध्ये आपली पद्धत बरीच उघडपणे लिहून प्रसिद्ध केली होती, म्हणून तिचाच आधार घेतो. माइक दर सेकंदाला आवाजाची 16,000 मोजमापं घेतो. त्यांतून सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढे तुकडे पाडले जातात, आणि प्रत्येक तुकड्यात कोणत्या उंचीचे स्वर किती जोरात आहेत याचा एक नकाशा तयार होतो. असे साधारण वीस तुकडे, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाचा आवाज, एका वेळी त्या छोट्या न्यूरल नेटवर्कला दिले जातात. ते सांगतं की हा आवाज ‘ह’सारखा किती, ‘स’सारखा किती, ‘र’सारखा किती आणि यातलं काहीच नसण्याची शक्यता किती. हे ध्वनी ठरलेल्या क्रमाने येत गेले की गुण साठत जातात. गुण एका ठरावीक रेषेच्या वर गेले की घड्याळ जागं होतं.

म्हणजे हाक ऐकली की नाही याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं आतून येतच नाही. आतून येतो एक आकडा, आणि रेषा कुठे मारायची ते कंपनी ठरवते. रेषा वर नेली तर तुम्ही तीनदा हाक मारूनही घड्याळ ढिम्म हलत नाही आणि तुम्ही वैतागून ते परत करता. खाली आणली तर ते कशालाही ‘ओ’ देतं. चुका शून्यावर आणणारी जागा या पट्टीवर कुठेच नसते, एका जातीच्या चुका कमी केल्या की दुसरीच्या वाढतात.

त्यात संख्येची भानगड आहे. सेकंदाला शंभर तुकडे, दिवसाचे 86,400 सेकंद. म्हणजे सतत ऐकणारा स्पीकर दिवसाला 86,40,000 वेळा ‘ही हाक आहे का?’ असं स्वतःला विचारतो. समजा दर दहा लाख वेळांत तो एकदाच चुकला. परीक्षेत एवढे गुण पडले तर आपण पेढे वाटू. इथे मात्र त्याचा अर्थ, दिवसातून आठ-नऊ वेळा विनाकारण जागं होणं. म्हणून तर पहिल्या वॉचमननंतर दुसरी, जास्त ताकदीची तपासणी ठेवलेली असते. ती फोनच्या मुख्य प्रोसेसरवर किंवा सर्व्हरवर होते आणि तिथे बरेचसे खोटे इशारे गळून पडतात. तिथूनही जे निसटतात, ते आपल्या वाट्याला येतात.

ही सिरियल

गिरगावातल्या वहिनीकडे परत जाऊ. पोळी तव्यावर टाकताना ती बाहेरच्या खोलीकडे बघून म्हणाली, ‘ही सिरियल संपली की मेसेज करते किरणला.’

घड्याळाच्या कानाने हे वाक्य ऐका. ‘ही सिरि’ आणि ‘हे सिरी’. पहिला ‘ह’ तोच. त्यापुढचा स्वर ‘ए’ऐवजी ‘ई’ आहे, पण हे दोन्ही स्वर जिभेच्या पुढच्या भागातून येतात आणि भराभर बोलताना एकमेकांच्या फार जवळ सरकतात. मग ‘स’, ‘इ’, ‘र’, ‘इ’ हे सगळं हुबेहूब. ‘पण पुढे “यल” आहे की!’ असं तुम्ही म्हणाल. त्याने काही बिघडत नाही. लोक हाक मारून थांबत नाहीत, ‘हे सिरी उद्या पाऊस आहे का’ असं एका दमात बोलतात, म्हणून हाकेनंतर शांतता हवी अशी अट ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला घालताच येत नाही. ‘री’पर्यंत गुण पुरेसे झाले की दार उघडलं. त्यात 2023 पासून काही भाषांमध्ये नुसतं ‘सिरी’ म्हटलं तरी पुरतं अशी सोय ॲपलने सुरू केली. हाक जितकी आखूड, तितके तिच्याशी जुळणारे शब्द जास्त. मग ‘सिरियल’ आलं, ‘सिरीज’ आलं.

आणखी एक बारकावा मला ॲपलच्या 2017 च्या त्या लेखात सापडला, तो फारसा कुणी सांगत नाही. गुण रेषेच्या किंचित खाली राहिले, तर उपकरण ते विसरून जात नाही. माणूस बहुधा पुन्हा हाक मारेल असं धरून पुढची काही सेकंदं ते रेषा थोडी खाली आणून ठेवतं. खऱ्या वापरणाऱ्यासाठी ही सोय चांगली. पण घरात सिरियलवरून भांडण चालू असेल तर ‘ही सिरियल’ दहा सेकंदांत तीनदा सहज येतं, आणि पहिल्यांदा थोडक्यात हुकलेलं दुसऱ्यांदा आत शिरतं.

घड्याळाची बॅटरी छोटी, म्हणून त्या लेखात वर्णन केलेलं घड्याळ सतत कान देत नाही. मनगट वर उचललं आणि पडदा उजळला, की मगच हाक ओळखणारा प्रोग्रॅम चालू होतो. ऐकायला हे सुरक्षित वाटतं. पण स्वयंपाक करताना हात किती वेळा वर जातो ते बघा. फळीवरचा डबा काढायचा, पोळी उलटायची, कपाळावरचा घाम पुसायचा. लोकलमध्ये वरचा हँडल धरला तरी तेच. शिवाय 2018 पासून ॲपलच्या घड्याळात ‘Raise to Speak’ नावाची सोय आहे. ती चालू असेल तर हाकेचीही गरज नाही, मनगट तोंडाजवळ आणून बोललं की पुरे. 2019 मध्ये ‘गार्डियन’ने एक बातमी दिली होती. सिरीची रेकॉर्डिंग तपासण्याचं काम करणाऱ्या एका माणसाने त्यांना सांगितलं, की चुकून झालेली सर्वाधिक रेकॉर्डिंग घड्याळ आणि होमपॉड स्पीकरवरून येतात, आणि कपड्याच्या चेनचा आवाजसुद्धा हाक म्हणून ऐकला जातो. त्यानंतर ॲपलने माफी मागितली आणि वापरणाऱ्याने स्वतः होकार दिल्याशिवाय त्याची रेकॉर्डिंग माणसांकडून तपासून घेणं थांबवलं.

स्पीकरची गोष्ट याच वळणाची आहे. जर्मनीतल्या बोखुम इथल्या रूर विद्यापीठाच्या आणि माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी 2020 मध्ये वेगवेगळ्या स्पीकरांसमोर टीव्हीचे कार्यक्रम आणि बातम्या लावून ते कशाने जागे होतात ते पाहिलं. हजारापेक्षा जास्त तुकडे सापडले. अलेक्साला फसवणाऱ्या शब्दांत एक होता ‘इलेक्शन’. हा शब्द मुंबईतल्या घरात आणि मराठी न्यूज चॅनेलवर किती वेळा येतो, हे काय सांगायला हवं? आणि अस्सल मराठी हवं असेल तर ‘आले का साहेब?’ हे भरभर म्हणून बघा. मधला ‘का’ अर्धा गिळला जातो आणि ‘आलेक्साहेब’ उरतं. हे वाक्य अमुक स्पीकरला उठवेलच, असा दावा मी करत नाही, पण गुणांची बेरीज कशी चढते ते यातून कळतं. त्यात खोली छोटी, भिंतींना टाइल्स आणि मिक्सर चालू असेल, तर आवाज भिंतींवर आपटून पसरतो आणि जो फरक बारीक होता तोही पुसला जातो.

मराठी ऐकलं, इंग्रजी लिहिलं

घड्याळ जागं झालं. आता पुढचं बोलणं लिहून काढायचं काम दुसऱ्या, मोठ्या प्रोग्रॅमचं. वहिनीच्या घड्याळाची भाषा भारतीय इंग्रजीवर ठेवलेली आहे, कारण दुकानातून आणलं तेव्हा तशी होती आणि नंतर कुणी बदलली नाही. लिहिणारा प्रोग्रॅम दोन गोष्टी एकत्र तोलतो. कानावर पडलेला आवाज कोणत्या शब्दासारखा आहे, आणि इंग्रजीत कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे. त्याच्याकडे फक्त इंग्रजी शब्दांचा साठा आहे. ‘ही भाषा माझी नव्हे’ असं म्हणून गप्प बसण्याची सोय बऱ्याचदा नसते, किंवा असली तरी दुबळी असते. म्हणून तो आहे त्या आवाजाला जवळात जवळचे इंग्रजी शब्द चिकटवतो.

पण निरर्थक मजकूर ही एक गोष्ट आणि तो कुणाला तरी *पाठवला* जाणं ही दुसरी. बडबडीतून आदेश निघाला कसा? इथे आपल्या बोलण्याची खोड आडवी येते. मुंबईचं मराठी घ्या: मेसेज कर, कॉल लाव, लाइट ऑफ कर, टायमर लाव, अलार्म बंद कर. क्रियापदं आपली, पण कामाची नामं इंग्रजी, आणि नेमकी तीच नामं या उपकरणांचे आदेशशब्द आहेत. ‘यल संपली की मेसेज करते किरणला’ या वाक्यातलं बाकी सगळं प्रोग्रॅमला कचरा आहे. त्या कचऱ्यात दोनच शब्द लख्ख ऐकू येतात, ‘मेसेज’ आणि ‘किरण’. किरण हे नाव फोनच्या यादीत आहे. प्रोग्रॅमच्या दृष्टीने कोडं सुटलं: किरणला मेसेज पाठवायचाय. मजकूर तेवढा राहिलाय.

मग घड्याळ विचारतं, काय पाठवू? तेवढ्यात कुकरची शिट्टी होते आणि हा प्रश्न कुणाच्याच कानावर पडत नाही. बाहेर टीव्हीवर सासू कडाडते, ‘तुला काय वाटतं, मी गप्प बसेन?’

आता जोडून बघा. ‘तुला काय’ याचं ‘टू लाख आय’. भारतीय इंग्रजीत ‘लाख’ हा शब्द असतो, त्यामुळे तो चटकन सापडतो. ‘वाटतं मी’ याचं ‘वॉन्ट अ टॉमी’, कारण ‘आय’नंतर ‘वॉन्ट’ येणं इंग्रजीत नेहमीचं. ‘गप्प बसेन’ याचं ‘गॅप बस इन’. मजकूर तयार झाला. काही उपकरणं पाठवण्याआधी विचारतात, पण आयफोनच्या सेटिंगमध्ये ‘Automatically Send Messages’ अशीही एक सोय आहे. ती चालू असेल तर विचारपूस संपली.

आणि विचारलं तरी सुटका होतेच असं नाही. 2018 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात एका जोडप्याच्या घरातलं खाजगी बोलणं त्यांच्या ॲमेझॉन एको स्पीकरने रेकॉर्ड करून दुसऱ्या शहरातल्या एका ओळखीच्या माणसाला पाठवून दिलं. ॲमेझॉनने जो खुलासा केला तो वाचण्यासारखा आहे. बोलण्यातला एक शब्द ‘अलेक्सा’सारखा वाटला. पुढचं बोलणं ‘मेसेज पाठव’ असं ऐकू आलं. स्पीकरने विचारलं, कुणाला? चालू गप्पांतून त्याला यादीतलं एक नाव ऐकू आलं. त्याने पुन्हा विचारलं, हेच नाव ना? आणि गप्पांमध्येच कुठेतरी त्याला ‘बरोबर’ असा होकार मिळाला. चार वेळा चुकीचं ऐकलं आणि चारही चुका एका रेषेत आल्या. अशी साखळी जुळणं दुर्मीळ आहे, हा कंपनीचा मुद्दा मला पटतो. पण घराघरांत असे स्पीकर असतील तर दुर्मीळ गोष्टही कुणाच्या तरी घरी होणारच.

आणखी एक गोष्ट अशा वेळी नुकसान वाढवते. बोलणं संपलं हे उपकरणाला शांततेवरून कळतं. टीव्ही चालू असलेल्या खोलीत शांतता येतच नाही, त्यामुळे ते ऐकत राहतं आणि मजकूर लांबत जातो. ‘गार्डियन’च्या त्या बातमीत घड्याळाचे तुकडे तीस सेकंदांपर्यंतचे असल्याचं म्हटलं होतं. तीस सेकंदांत सासू बरंच काही बोलते.

हॅकिंग की चुकून ऐकलं, हे कसं ओळखायचं

मेसेजची वेळ बघा आणि त्या क्षणी घरात काय चालू होतं ते आठवा. मजकूर मोठ्याने, भराभर आणि मराठी हेल काढून वाचा. ‘टू लाख आय’ तीनदा म्हटलं की ‘तुला काय’ आपोआप कानात वाजतं. हॅकर लिंक पाठवतो, पैसे मागतो, ओटीपी मागतो, आणि त्याचं वाक्य कसंबसं का होईना, पूर्ण असतं. चुकून ऐकलेल्या मजकुरातले शब्द सुटे सुटे बरोबर असतात, स्पेलिंगची चूक जवळजवळ नसते, पण सगळं मिळून अर्थ शून्य. ही खूण फार भरवशाची आहे. माणूस घाईत टाइप करतो तेव्हा नेमकं उलट होतं, स्पेलिंग तुटतं पण अर्थ लागतो.

एकोचा स्पीकर असेल तर पक्का पुरावाही मिळतो. अलेक्सा ॲपमध्ये ‘Voice History’ इथे गेलात की त्याने काय ऐकलं ते वेळेसकट दिसतं, आणि रेकॉर्डिंग ठेवलेलं असेल तर ते वाजवताही येतं. काही नोंदींवर ‘Audio was not intended for Alexa’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे जागं झाल्यावर त्यालाच कळलं, की हाक आपल्याला नव्हती. गूगलच्या उपकरणांसाठी अशा नोंदी myactivity.google.com वर असतात. एकदा चाळून बघाच, करमणूक होते. थोडी धास्तीही वाटते.

उपाय करायचा तर साखळी कुठे तोडायची ते ठरवा. एकोवर हाक बदलून ‘Computer’ किंवा ‘Echo’ करता येते, पण ज्या घरात कॉम्प्युटर हा शब्द रोज येतो तिथे ‘Computer’ निवडणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. गूगलच्या होम ॲपमध्ये हाकेची संवेदनशीलता कमीजास्त करायची पट्टी आहे, ती एक-दोन घर कमी करून बघा. वर सांगितलेली रेषा तुमच्या हातात देणारी एवढीच एक जागा मला माहीत आहे. स्पीकर टीव्हीच्या शेजारी ठेवू नका. घड्याळावर ‘Raise to Speak’ बंद करा, आणि मेसेज आपोआप पाठवण्याची सोय असेल तर तीही. माझ्या मते हे शेवटचं सगळ्यात आधी करावं. चुकीचं ऐकणं पूर्ण थांबणार नाही, पण ऐकलेलं बाहेर जाण्याआधी कुणाचं तरी बोट लागेल.

भाषा हिंदी केली तर फरक पडतो का, असं लोक विचारतात. मजकूर थोडा ओळखू येण्याजोगा होतो, कारण मराठी-हिंदीचे ध्वनी जवळचे. पण खोटी हाक त्याने थांबेलच असं नाही, कारण ती ओळखणारा छोटा प्रोग्रॅम आवाजाच्या आकारावर चालतो आणि ‘ही सिरियल’चा आकार आहे तोच राहतो.

मेसेज गेलाच असेल तर घाई करा. आयफोनवरून आयफोनला गेलेला निळा मेसेज दोन मिनिटांच्या आत ‘Undo Send’ने मागे घेता येतो, मात्र दोन्हीकडे iOS 16 किंवा त्यापुढचं असायला हवं. साधा एसएमएस गेला की गेला. व्हॉट्सॲपवर ‘Delete for everyone’साठी दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो, पण समोरच्याला काहीतरी पुसल्याची खूण दिसते. त्यापेक्षा मेसेज तसाच ठेवून खाली लिहावं, ‘टीव्हीवरची सासू बोलली, मी नाही.’